घरगुती शिकवणीच्या चौकश्या कुठे गळतात : रत्नागिरीतल्या कामाच्या नोंदी

७ जुलै २०२५, सोमवार

शाळा १६ जूनला सुरू झाल्या. त्याच्या आठवडाभर आधीपासूनच आमचा फोन वाजायला लागला होता. घरी येऊन शिकवणारे शिक्षक हवेत, म्हणून आठवीच्या गणितापासून चौथीच्या अभ्यासापर्यंत सगळ्या चौकश्या आल्या. फोन भरपूर झाले, पण प्रत्यक्ष लागलेल्या शिकवण्या त्या मानाने कमीच आहेत.

हे काम चालवणाऱ्या सरांचं म्हणणं असं की ट्रायलचा तास होतो, मग फी कळते आणि लोक मागे फिरतात. म्हणून महिन्याची फी २०० रुपयांनी खाली आणायचा त्यांचा विचार आहे. हे २०० रुपये शेवटी शिक्षकांच्याच वाट्यातून जाणार. पावसात स्कूटरवरून नाचण्याहून मिरकरवाड्याला जाणाऱ्या मॅडमच्या हातातून ते काढायचे असतील, तर गळती खरंच तिथे आहे का हे आधी बघायला हवं. सरांनी मला ऑगस्टअखेरपर्यंत वेळ दिला आहे.

एक गोष्ट आजच ठरवून टाकली. जूनच्या चौकश्या आणि जुलैत लागलेल्या शिकवण्या अशी महिन्याला महिना लावून तुलना करायची नाही. जूनच्या शेवटच्या आठवड्यात फोन करणाऱ्याची शिकवणी जुलैत लागते, आणि जुलैच्या आकड्यात मेमध्ये विचारून गेलेलेही मिसळतात. त्यामुळे ९ ते २९ जूनच्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा विचारणा केलेली कुटुंबं घ्यायची आणि त्यांच्यातलं प्रत्येक कुटुंब आजपर्यंत कुठवर पोचलं ते बघायचं. त्यानंतरचे फोन सोडून दिले, कारण त्यांचा निर्णय अजून व्हायचाच आहे. त्यांना आत्ता ‘गळाले’ म्हणणं चुकीचं ठरेल.

८ जुलै, मंगळवार

काकूंची वही उघडली. चौकशीचे फोन गेली चार वर्षं काकूच घेतात. वहीत तारीख, नंबर, इयत्ता, विषय, गाव आणि शेवटी शेरा असे रकाने आहेत. तीन आठवड्यांच्या ८३ नोंदी निघाल्या.

पण ८३ नोंदी म्हणजे ८३ कुटुंबं नव्हेत. आई व्हॉट्सॲपवर विचारते, संध्याकाळी मुलाचे बाबा मुंबईहून वेगळ्या नंबरावरून फोन करतात, आणि वहीत दोन ओळी होतात. त्यातली एक शिकवणीपर्यंत पोचते, दुसरी ‘उत्तर नाही’ म्हणून तशीच पडून राहते. अशा गळतीत खरं कुणीच गेलेलं नसतं. गाव, इयत्ता आणि विषय तिन्ही जुळत असतील आणि दोन नोंदींत तीन दिवसांहून कमी अंतर असेल, तर दोन्ही नंबर काकूंना दाखवले. त्यांना जवळजवळ सगळे आठवत होते. गोळाबेरीज ७१ कुटुंबांवर आली.

शेऱ्याच्या रकान्याने मात्र काळजीत टाकलं. ‘विचार करून सांगतो’, ‘फी जास्त’, ‘नंतर’. ‘फी जास्त’ हा शेरा कधी लिहिता, असं काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, “अगं, चार वेळा फोन केला नि उचलला नाही, तर अजून काय असणार?” म्हणजे यातल्या काही ओळी त्या कुटुंबांनी सांगितलेल्या नाहीत, आम्ही लावलेला अर्थ आहे. सरांचं फीबद्दलचं मत याच रकान्यावर उभं आहे.

काकूंनी हळूच विचारलं, “माझी चूक शोधतेयस का?” मी काम बाजूला ठेवून त्यांच्याजवळ बसले. ही वही नसती तर मला काहीच शोधता आलं नसतं, हे मी त्यांना सांगितलं आणि ते खरंच आहे.

१० जुलै, गुरुवार

आज गुरुपौर्णिमा, त्यामुळे शिक्षकांचे फोन दुपारपर्यंत व्यस्तच लागत होते. तेवढ्यात मी भिंतीवर चौकशीपासून शिकवणीपर्यंतच्या वाटेचा नकाशा मांडला. चार खाकी कागद जोडून लांब पट्टा केला आणि मध्ये आडवी रेघ मारली. रेघेच्या वर घरातलं माणूस काय करतं ते, आणि खाली आम्ही काय करतो ते. चिकट चिठ्ठ्या या हवेत टिकत नाहीत. सकाळी लावलेल्या अकरापर्यंत जमिनीवर आल्या होत्या. मग टाचण्या आणल्या.

पायऱ्यांना नावं देताना पहिल्यांदा मी ‘फोन घेतला’, ‘शिक्षक शोधला’, ‘ट्रायल दिली’ असं लिहिलं आणि लगेच खोडलं. ही सगळी आमची कामं आहेत. आम्ही काम केलं म्हणून समोरचं कुटुंब पुढे सरकतंच असं नाही. ज्या गोष्टीसाठी कुटुंबाने स्वतः काही करावं लागतं तीच पायरी धरली: त्यांनी विचारणा केली, इयत्ता-विषय-गाव सांगितलं, ट्रायलची वेळ मान्य केली, ट्रायलला घरी थांबले, पहिल्या महिन्याची फी दिली.

काकू आणि शिक्षकांशी समन्वय ठेवणारा दादा, दोघांना उभं केलं आणि एकेक चिठ्ठी त्यांच्याकडूनच लिहून घेतली. संध्याकाळी मागे सरकून पाहिलं तर एका जागी कागद विचित्र दिसत होता. माहिती दिली आणि ट्रायल ठरली या दोन पायऱ्यांच्या मध्ये रेघेखाली अकरा चिठ्ठ्या दाटल्या होत्या. यादीत कोण मोकळं आहे ते बघणं, पहिल्या शिक्षकाला विचारणं, त्यांचा नकार, दुसऱ्याला विचारणं, एसटीची वेळ जुळते का बघणं, परत फोन… दादाची धावपळ तिथे दिसत होती. त्याच जागी रेघेच्या वर मात्र एकच चिठ्ठी होती. तिच्यावर काकूंनी लिहिलं होतं, ‘वाट बघतात’.

आमची सगळ्यात जास्त मेहनत जिथे होते, तिथे त्या घराला आमचं काहीही दिसत नाही.

१२ जुलै, शनिवार

वही शीटमध्ये उतरवली. B रकान्यात पहिल्या विचारणेची तारीख आणि E मध्ये ट्रायल ठरल्याची तारीख. मोजणी साधी आहे:

```
=COUNTIFS(B:B,">="&DATE(2025,6,9),B:B,"<="&DATE(2025,6,29),E:E,"<>")
```

उत्तर ४७ आलं. हाताने मोजले तर ३८ भरत होते. अर्धा तास गेल्यावर लक्षात आलं की `"<>"` म्हणजे ‘रिकामं नाही’ एवढंच, आणि काकूंनी वहीत जिथे आडवी रेघ मारली होती तिथे मी शीटमध्येही `-` टाकलं होतं. अशा नऊ ओळी होत्या, म्हणून सूत्राने त्यांनाही ट्रायल ठरल्याचं धरलं. खुणा पुसल्यावर ३८ बरोबर आले.

पण त्या नऊ रेघा काय आहेत? काकूंना विचारलं. या घरांसाठी शिक्षक मिळालेच नव्हते. मग त्यांना काय कळवलं, असं विचारल्यावर काकू गप्प राहिल्या आणि दादाने खाली बघितलं. काहीच कळवलं नव्हतं. आज मिळेल, उद्या मिळेल असं करत ते राहूनच गेलं. नऊ घरांनी आमच्यावर विसंबून शाळेचे पहिले दोन आठवडे घालवले असतील. रात्री हेच डोक्यात राहिलं.

सगळी पायरीवार मोजणी अशी झाली. ७१ कुटुंबांनी विचारलं, त्यातल्या ६३ जणांशी पूर्ण बोलणं झालं. ट्रायल ठरली ३८ घरी, झाली ३१ घरी आणि शिकवणी लागली २४ घरी. सर म्हणतात ती ट्रायलनंतरची गळती सात घरांची आहे. बोलणं झाल्यापासून ट्रायल ठरेपर्यंतची पंचवीस.

१६ जुलै, बुधवार

त्या पंचवीसपैकी बारा घरांशी तीन दिवसांत बोलले. ‘तुम्ही शिकवणी का लावली नाहीत?’ असं कुणालाही विचारायचं नाही, हे आधीच ठरवलं होतं. तसं विचारलं की माणूस सभ्यपणे ‘फी जरा जास्त वाटली’ म्हणतो आणि विषय संपतो. मी फक्त दिवस आठवायला सांगत होते. आम्हाला फोन केला तो वार कोणता? तेव्हा घरी काय चाललं होतं? फोन ठेवल्यावर पहिल्यांदा कुणाशी बोललात? मग काय झालं?

भाट्याच्या एका ताईंचं बोलणं मी जवळजवळ शब्दशः उतरवून घेतलं. मुलगा आठवीत. शाळा उघडून आठवडा झाला होता आणि गणिताची वही कोरीच परत आलेली त्यांना दिसली. त्या रात्री भाकऱ्या झाल्यावर त्यांनी आम्हाला फोन केला. काकू नीट बोलल्या, सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, “बघून कळवते.” फोन ठेवल्यावर ताईंनी नवऱ्याला मेसेज केला. ते जहाजावर असतात, रेंज मिळेल तेव्हा उत्तर येतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा एकच प्रश्न आला: ‘किती घेतात?’

“आता मी काय सांगू त्यांना?” ताई म्हणाल्या. “तुमच्याकडून फी शिक्षक ठरल्यावर सांगतात. परत फोन करून विचारायला मला कसंतरी वाटलं. म्हटलं, करतील ते फोन.”

आमचा फोन गेला सहाव्या दिवशी. तोवर शेजारची बी.एस्सी. झालेली मुलगी संध्याकाळी मुलाला घेऊन बसायला लागली होती. काकूंच्या वहीत या ओळीपुढे शेरा आहे ‘फी जास्त’. त्या घराला आमची फी आजतागायत माहीत नाही.

बारापैकी सात घरांत हीच गोष्ट थोड्याफार फरकाने ऐकली. विचारणारी आई इथे असते आणि हो म्हणणारं माणूस मुंबईला, आखातात किंवा बोटीवर. घरातली चर्चा फोनवरून, तुटक तुटक होते आणि त्या चर्चेत पुढे सरकवायला आईच्या हातात आमच्याकडून काहीच नसतं. ना रक्कम, ना वार, ना शिक्षकांबद्दल एखादी ओळ. फी आम्ही मुद्दामच लगेच सांगत नव्हतो. आधी शिक्षक आवडले की फीचं ओझं वाटत नाही, असा सरांचा जुना अनुभव आहे. निर्णय घेणारा माणूस ट्रायलला घरात हजर असेल तिथे तो खराही असेल.

उरलेल्या पाचांत दोघांना खरंच पैशांची अडचण होती. त्यातलं एक घर मिरकरवाड्यातलं, मासेमारीवर चालणारं. जून-जुलै बंदीचे महिने, बोटी किनाऱ्याला. त्यांनी सांगितलेलं ‘नंतर’ म्हणजे खरोखर नंतर होतं, आणि आम्ही त्यांना गळालेल्यांत टाकलं होतं. एका आईने बऱ्याच वेळाने सांगितलं की मुलगी दहावीची आहे आणि घरी दुपारी कुणी नसतं, म्हणून मॅडमच हव्या होत्या. हे पहिल्याच फोनवर बोलायला त्यांना अवघड वाटलं होतं. काकूंनी आपणहून विचारायला हवं. उरलेल्या दोघांनी फोनवर फारसं काही सांगितलं नाही.

१९ जुलै, शनिवार

सरांना कागद दाखवला. ते बराच वेळ उभे राहून बघत होते. मग त्यांनी योग्य शंका काढली: “उशीर होतो तो लांबच्या गावांना. पावस, जयगड, हातखंबा. तिथे आपली शिकवणी तशीही लागत नाही. उशिरामुळे गेले कशावरून? लांब आहेत म्हणून गेले असतील.”

यावर मी विचार केला नव्हता. नऊ घरं बाजूला ठेवली तर ५४ घरांना आमच्याकडून शिक्षकाचं नाव कळवलं गेलं होतं. दोन दिवसांच्या आत कळवलेली २६, त्यातल्या २३ जणांनी ट्रायल ठरवली. तीन किंवा जास्त दिवसांनी कळवलेली २८, त्यातल्या १५ जणांनी. आता यातून फक्त शहरातली घरं वेगळी काढली, मिरकरवाड्यापासून कुवारबावपर्यंतची. लवकर कळवलेल्या २१ पैकी १९ आणि उशिरा कळवलेल्या १५ पैकी ८. म्हणजे अंतराचा मुद्दा काढून टाकला तरी फरक राहतोच. बाहेरगावची एकूण १८ घरंच आहेत आणि त्यांतली लवकर कळवलेली फक्त पाच. त्यावरून काहीही म्हणणं बरोबर नाही, तसं मी सरांना सांगितलं.

आणखी एक शक्यता आहे, ती वहीतून सुटणार नाही. ज्या घराला फार निकड असते ते आपणहून दोनदा फोन करतं, मग दादाही त्यांचं काम आधी करतो. तेव्हा लवकर कळवल्यामुळे ट्रायल ठरली की मुळात निकड होती म्हणून दोन्ही झालं, हे कुणी कुणाला फोन केला याची नोंद असती तर कळलं असतं. ती आम्ही ठेवलेली नाही. आता पुढे बदल करूनच बघावं लागेल. सरांनी फी कमी करणं थांबवलं.

२१ जुलै, सोमवार

आजपासून दोन गोष्टी सुरू केल्या. पहिली, बोलणं संपलं की त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर मेसेज जातो. तो आईने नवऱ्याला जसाच्या तसा पुढे पाठवता येईल असा हवा होता. म्हणून त्यात ‘आपण केलेल्या विचारणेनुसार’ वगैरे काही नाही. काकूंच्याच बोलीत लिहिला:

“इयत्ता आठवी, गणित आणि विज्ञान, आठवड्यातून तीन दिवस, दीड-दीड तास. महिन्याची फी २,४०० ते २,८०० रुपये, शिक्षक किती लांबून येतात त्यावर. पहिला तास बघण्यासाठी, त्याचे पैसे नाहीत. शिक्षक मिळाले की नाही ते गुरुवारी संध्याकाळपर्यंत नक्की सांगते. सर हवेत की मॅडम, तेवढं कळवा.”

दुसरी गोष्ट, तिसऱ्या संध्याकाळपर्यंत शिक्षक मिळाले नाहीत तर तसं स्पष्ट सांगायचं. दादाला हे जड गेलं. “नाही सांगितलं की गेलंच ना ते घर,” तो म्हणाला. त्याचं दुःख मला कळतं, कारण दहा फोन करून त्याच्या हाती नकारच येतो. पण त्या नऊ घरांचं काय झालं, ते त्यानेही पाहिलंय.

वहीत दोन रकाने वाढवले: पुढचा फोन कुणी केला, आणि शेरा त्यांच्या शब्दांत की आपल्या. आपला असेल तर फुली.

४ ऑगस्ट, सोमवार

काकू आज वैतागल्या होत्या. मेसेजमध्ये फी वाचून दोन दिवसांत चार घरांनी ‘नको’ कळवलं. “पूर्वी निदान ट्रायलपर्यंत यायचे. हा मेसेज लोकांना पळवतोय.”

मी लगेच हो किंवा नाही म्हटलं नाही, कारण त्यांना दिसतंय ते खरं आहे. पूर्वी ही घरं गप्प राहून निघून जायची किंवा ट्रायलनंतर जायची. आता ती पहिल्याच पायरीवर, सांगून जातायत. म्हणजे गळतीची जागा वर सरकली आहे. ती कमी झाली का, हे एका पायरीकडे बघून कळणार नाही, चौकशीपासून शिकवणीपर्यंतची पूर्ण वाट मोजावी लागेल. तीन आठवडे पुरे होईतो मेसेज बदलायचा नाही, असं दोघींनी ठरवलं.

एका शिक्षिकेने मात्र आपणहून फोन करून सांगितलं की या पंधरा दिवसांत तिची एकही फुकट खेप झाली नाही. भर पावसात जाऊन ट्रायल द्यायची आणि फी ऐकल्यावर ‘कळवतो’ ऐकून परत यायचं, याचा खर्च आमच्या नकाशावर कुठेच नव्हता. त्याची चिठ्ठी रेघेखाली लावली.

२५ ऑगस्ट, सोमवार

२१ जुलै ते १० ऑगस्टच्या चौकश्यांना आज कमीत कमी दोन आठवडे झाले, म्हणून मोजल्या. ३२ घरांनी विचारलं, २९ घरांशी पूर्ण बोलणं झालं. सहा जणांनी फी वाचून नको म्हटलं. तिघांना आम्ही शिक्षक नाहीत असं सांगितलं. तिघांचं काही कळलं नाही. सतरा घरी ट्रायल ठरली, पंधरा घरी झाली, तेरा घरी शिकवणी लागली.

जूनमध्ये बोलणं झालेल्या ६३ पैकी २४, आता २९ पैकी १३. आकडा थोडा वर दिसतो, पण एवढ्या कमी घरांत दोन-तीन इकडची तिकडे झाली तरी तो खाली येईल. शिवाय जूनची गर्दी आणि घटक चाचणीनंतरची विचारणा यांत फरक असतोच. शिकवण्या वाढल्या असं मी सरांना लिहून दिलं नाही. लिहून दिलं ते एवढंच की जूनमध्ये नऊ घरांना आमच्याकडून उत्तरच गेलं नव्हतं, आता तसं एकही घर नाही. आणि ज्यांचं काय झालं ते माहीत नाही अशी तीनच आहेत. शिक्षक नाहीत असं सांगितलेल्या तिघांपैकी गोळपच्या एका घराने दुसऱ्या दिवशी स्वतः फोन केला. रोज नको, शनिवार-रविवार सकाळी कुणी येईल का, असं विचारलं. तशा मॅडम आहेत. हे घर त्या तेरांत नाही, कारण पहिला तास अजून व्हायचा आहे.

परवा गणपती. मुंबईहून गाड्या यायला लागल्यात आणि फोन जवळजवळ बंद आहेत. वहीत फुली नसलेले, म्हणजे त्यांच्याच शब्दांतले ‘गणपतीनंतर’ असे शेरे पाच आहेत. त्यातल्या तीन घरांत बाबा सुट्टीवर घरी येणार आहेत. गौरी-विसर्जन २ सप्टेंबरला. काकूंनी त्या तिघांपुढे ३ आणि ४ तारीख लिहिली, आणि दादाने त्या दोन संध्याकाळी तीन शिक्षक मोकळे ठेवायला आजच सांगितलं.